शाडूची मूर्ती, बारा आवर्तनं आणि मोजकेच शब्द : टाइमलॅप्सच्या नोंदी

९ मे

ठरलं. पेणच्या काकांच्या कारखान्यात हातानं घडवलेली गणपतीची एक मूर्ती, नऊ इंची, शाडूची, गोळ्यापासून डोळ्यांपर्यंत, आणि सगळं मिळून एक मिनिट. निवेदन नाही, मुलाखत नाही. पेणला बहुतेक काम साच्यातून होतं आणि त्यातही मेहनत आहेच, पण साच्यातून मूर्ती एकदम बाहेर येते, तिथे टाइमलॅप्सला दाखवायला फार काही उरत नाही. हातानं घडवताना गोळ्यातून पोट येतं, पोटावर छाती, मग डोकं, मग सोंड, म्हणजे गोष्ट आपोआप पुढे सरकते, म्हणून काकांना म्हटलं की यंदा घरची पूजेची जी मूर्ती तुम्ही हातानं करता तीच शूट करू दे. ते हो म्हणाले, फक्त "मला थांबायला सांगायचं नाही" एवढी एक अट. बरोबरच आहे, शाडू हातात असताना थांबला तर वरचा थर सुकतो आणि पुढचा थर नीट चिकटत नाही.

मे मध्येच करायचं कारण वाळवण. पाऊस सुरू झाला की पेणमध्ये हवेत इतका ओलावा असतो की मूर्ती किती दिवसांत वाळेल याचा भरवसा नाही, आणि मला वाळण्याचे दिवस गोष्टीत हवेच आहेत.

शब्द किती? आत्ता डोक्यात आहे की स्क्रीनवर पाच-सहा वेळाच काहीतरी लिहून यावं, प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द. जे डोळ्याला दिसतंय ते लिहायचं नाही, "आता सोंड करत आहेत" असलं काही नको, सोंड दिसते सगळ्यांना. जे चित्रातून कधीच कळणार नाही तेवढंच लिहायचं, उदाहरणार्थ किती दिवस, सावलीत की उन्हात.

१० मे

आज फक्त लय. बरेच जण आधी शूट करतात आणि मग गाणं शोधून त्यावर चिकटवतात. मला उलटं करायचंय, आधी ताल ठरवायचा, कारण ठेक्याच्या नेमक्या कुठल्या मात्रेवर काय घडणार हे माहीत असेल तरच ते तिथे रिअल टाइममध्ये शूट करून ठेवता येईल. टाइमलॅप्समध्ये दर पाच सेकंदांनी एक फोटो निघतो, आणि गोळा पाटावर आपटणं हे तर अर्ध्या सेकंदात होऊन जातं, ते फोटोत सापडणारच नाही. म्हणजे ठोक्यावर बसायला जी हालचाल लागते नेमकी तीच टाइमलॅप्स गिळून टाकतो. म्हणून दोन कॅमेरे लागणार, टाइमलॅप्सला डीएसएलआर आणि ठोक्याच्या जागांसाठी शेजारी मोबाइल.

ताल केरवा. आठ मात्रा, धा गे न ति । न क धि न, पहिलीवर सम, पाचवीवर खाली, आठ मात्रांचं एक आवर्तन. भाचा ढोलकी वाजवतो, त्याच्याकडूनच वाजवून घेणार म्हणजे हक्कांचा प्रश्नच नाही आणि मला पाहिजे तिथे थांबवताही येईल.

लय किती ठेवायची हे मी फ्रेममध्ये मोजून काढलं. व्हिडिओ २५ फ्रेमचा आहे. मिनिटाला १०० मात्रांची लय घेतली तर एका मात्रेला बरोबर १५ फ्रेम येतात, छान वाटतं, पण शेवटी रंगकामाला दुगुन, म्हणजे दुप्पट लय, करायचीय आणि १५ चं अर्ध साडेसात, अर्धी फ्रेम कापता येत नाही. मग एकदा ७ वर एकदा ८ वर असं कापत बसायचं, किंवा प्रत्येक कट किंचित पुढेमागे सोडायचा. त्याऐवजी मात्रेला १६ फ्रेम धरल्या तर दुगुनला ८ येतात, चौगुनला ४, सगळं पूर्ण. २५ गुणिले ६० भागिले १६ म्हणजे लय येते ९३.७५. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोच्या चौकटीत अपूर्णांक चालतो. भाच्याला सांगितलं तर म्हणाला "मावशी, हा कसला आकडा?" मी म्हटलं तुला आकड्याशी काही देणंघेणं नाही, कानात क्लिक येईल त्यावर वाजव.

तर हिशोब असा झाला, एक आवर्तन १२८ फ्रेम म्हणजे पाच सेकंदांहून थोडं जास्त, बारा आवर्तनं म्हणजे १५३६ फ्रेम, एक मिनिट आणि वर दीड सेकंद. कुठल्याही आवर्तनाची सम कुठल्या फ्रेमवर आहे हे आता तोंडी काढता येतं:

```
sam   = (n - 1) * 128
khali = sam + 64
```

११ मे

या प्रकल्पाचा कणा आज सापडला असं वाटतंय. मागच्या वर्षीच्या एका क्लिपवर मी कॅप्शन आणि कट दोन्ही समेवर टाकून बघितले, आणि मग तीच क्लिप फक्त कॅप्शन खालीच्या मात्रेवर, म्हणजे पाचवीवर, सरकवून बघितली. दोन्ही समेवर असले की डोळा अक्षरांकडे जातो, कारण स्क्रीनवर अक्षरं आली की ती न वाचता राहता येत नाही, आणि तेवढ्यात हातानं जे केलं ते निसटतं. कॅप्शन खालीवर नेलं की समेला हात दिसतात, त्याचा ठसा बसतो, आणि मग खालीला ठेका जरा हलका होतो तिथे डोळा मोकळा असतो, वाचतो. खाली म्हणजे तशीही तालातली भरीव नसलेली बाजू, ढोलकीचा घुमारा तिथे नसतो, तर शब्द तिथेच जायला पाहिजेत.

आणि याचा अजून एक फायदा, खालीवर आलेलं कॅप्शन चार मात्रा राहतं, अडीच सेकंद, आणि पुढच्या समेला जातं. दोन-तीन मराठी शब्द वाचायला अडीच सेकंद पुरतात, घाई होत नाही. पुढची सम येते तेव्हा स्क्रीन परत हातांसाठी रिकामी. म्हणजे कॅप्शन किती वेळ ठेवायचं, कधी काढायचं, हे सगळे प्रश्न एका नियमात मिटले. सम हातांची, खाली शब्दांची. भिंतीवर लिहून ठेवलं.

या नियमाची किंमत अशी की अडीच सेकंदांत न बसणारं वाक्य लिहिताच येत नाही. ते मला चालतंय.

१३ मे

कारखान्यात जाऊन उजेड बघून आले. काकांची बसायची जागा खिडकीपाशी आहे, उजेड सुंदर येतो पण ढग आला की बदलतो, आणि पाच-सहा तासांत सूर्य या बाजूचा त्या बाजूला जातो. टाइमलॅप्समध्ये हे सगळं सेकंदभरात येतं त्यामुळे चित्र धडधडतं. काकांना विचारून खिडकीला काळं कापड लावलं आणि दोन एलईडी दिवे ठेवले. काका म्हणाले मला गालाचा गोलवा बाजूच्या उजेडातच कळतो, म्हणून मुख्य दिवा खिडकीच्याच बाजूला ठेवला, समोर नाही. योगायोगानं कॅमेऱ्यालाही तोच बरा, समोरून उजेड पडला तर ओला शाडू सपाट राखाडी डाग दिसतो.

टेस्टमध्ये दोन गोष्टी बघितल्या. एक, लुकलुक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फार जलद असलं तर एक फोटो उजळ एक काळपट येतो. दुसरी गोष्ट हात. शटर जलद असलं की प्रत्येक फोटोत हात कडक रेखीव येतो, कधी इथे कधी तिथे, आणि व्हिडिओत ते हात मूर्तीवर उड्या मारल्यासारखे दिसतात, मूर्ती बघायलाच मिळत नाही.

दोन्हीला उपाय एकच, शटर हळू करायचं. अर्धा सेकंद ठेवलं. अर्ध्या सेकंदात दिव्याचे ५० चढउतार सामावतात म्हणून लुकलुक दिसेनाशी होते, आणि हलणारे हात पुसट होतात, धुरकट, तर न हलणारी मूर्ती स्पष्ट राहते. बघणाऱ्याचं लक्ष आपोआप मूर्तीवर. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८, सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्ससुद्धा लॉक, फोकस एकदा लावून त्यावर टेप. लेन्स मुद्दाम जुनी घेतली जिला अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवरच आहे, कारण नव्या लेन्समध्ये प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर मिटतं-उघडतं आणि दरवेळी केसभर फरक पडतो, तीही एक लुकलुक असते आणि ती दिव्याची नाही हे लवकर लक्षात येत नाही. ओळखायची खूण सांगते, उन्हातही लुकलुक येत असेल, दिवा नसताना, आणि सेटिंग सगळी मॅन्युअल असेल, तर दोष अ‍ॅपर्चरचा.

१६ मे

शूट. सकाळी सुरू झालं ते जेवणाची सुट्टी धरून दुपार उलटेपर्यंत. डीएसएलआर दर पाच सेकंदांनी फोटो काढत होता, प्रत्यक्ष कामाचे साधारण पाच तास म्हणजे ३६०० फोटो. बॅटरीच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावला होता त्यामुळे बॅटरी बदलायला कॅमेऱ्याला हात लावावा लागला नाही. एकदा हात लागला की फ्रेम हलते आणि मग ती कितीही जुळवली तरी दिसते.

मी मोबाइल घेऊन फक्त तीन क्षणांची वाट बघत होते. मळलेला गोळा पाटावर बसतो तो, डोकं धडावर टेकतं तो, आणि सोंडेचं टोक वळवून हात बाजूला होतो तो. काकांना थांबायला सांगायचं नव्हतं म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडून क्रम समजून घेतला होता, आणि ते स्वतःहूनच डोकं ठेवायच्या आधी "बघ हां आता" म्हणाले.

डोकं ठेवायच्या आधी मानेच्या जागी कोरणीनं चरे पाडले आणि पातळ शाडूचं पाणी लावलं, दोन ओले गोळे नुसते एकमेकांवर ठेवले तर वाळताना सुटतात. हे चरे मला फार आवडले. ते टाइमलॅप्समध्ये आलेत, चार-पाच फोटोच आहेत, पण आहेत. पाचच सेकंदांचं अंतर ठेवल्याचा हाच उपयोग. नुसता हिशोब केला तर दर चाळीस सेकंदांनी फोटो काढून भागलं असतं, कारण शेवटी या पाच तासांना साडेचारशे-पाचशे फ्रेमच मिळणार आहेत. पण मग चरे गेले असते.

१७ मे

आजपासून वाळवण. मूर्ती मागच्या खोलीत, पंखा बंद, उन्हाची तिरीप नाही. पंखा लावला तर वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच असतो, आणि वरचा फाटतो. काका म्हणतात वाळवणं हे कामच आहे, नुसतं वाट बघणं नाही, आणि खरंच ते दिवसातून दोनदा येऊन मूर्ती फिरवून ठेवतात.

फिरवणं म्हणजे माझ्यासाठी पेच. त्यांना नको म्हणणार नाही, मूर्ती महत्त्वाची. पाटाच्या चारी कोपऱ्यांना टेबलावर टेप लावून खुणा केल्या, मूर्ती समोर तोंड करून असेल तेव्हा पाट त्या खुणांत. दुसरीकडे तोंड असतानाचे फोटो मी काढून टाकणार. कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक, दिवसाला १४४. दिवा चोवीस तास एकच, खिडकी बंद, म्हणजे दिवस-रात्र दिसणारच नाही. आधी वाटलं होतं की खिडकी उघडी ठेवून आठ दिवसांचा उजेड-अंधार दाखवावा, दिवस मोजल्यासारखं होईल, पण टेस्टमध्ये ते डिस्कोसारखं लुकलुकत होतं आणि शाडूचा रंग बदलतोय हे दिसतच नव्हतं. गोष्ट तर तीच आहे, गडद राखाडी हळूहळू फिकी होत जाते, आधी कान आणि बोटं, मग गुडघे, सगळ्यात शेवटी पोट. दिवस मोजायचं काम कॅप्शन करेल.

२५ मे

वाळली. डाव्या खांद्याशी तडा गेलाय, जिथे बारीक हात जाड धडाला मिळतो तिथेच. बारीक भाग लवकर सुकतो, जाड मागे राहतो, जोडावर ओढाताण होते. काका अजिबात दचकले नाहीत, त्यांना जणू माहीतच होतं. ओल्या फडक्यानं ती जागा भिजवली, पातळ शाडू भरला, दाबला, परत सावलीत.

मला तडा गोष्टीत हवाच. एक मिनिटात फक्त सुंदरच होत गेलं तर बघणारा पंधराव्या सेकंदाला पुढे जातो. फोटो तपासले तर तडा पडताना स्पष्ट आलाय, आठ-दहा फोटोंत केसाएवढी रेघ उघडत जाते. पण संपूर्ण फ्रेममध्ये मोबाइलवर ती दिसणार नाही, म्हणून फोटो चोवीस मेगापिक्सेलचे असल्याचा फायदा घेऊन खांद्यावर क्रॉप करणार, आणि क्रॉप समेवर.

मधे वीज गेली होती तेव्हा दिवा बंद, कॅमेरा इन्व्हर्टरवर होता म्हणून काळे फोटो काढत राहिला. ते नुसते उडवले. वाळण्याचा वेग इतका संथ आहे की तासाभराचे सहा फोटो गेले तरी कुणाला कळत नाही.

२९ मे

फोटोंचा व्हिडिओ करायला साधी कमांड. घडवतानाच्या फोटोंमधून भागाभागानं वेगळी गाळणी लावली, पाट आणि पोटाच्या कामात दहातला एक फोटो, चेहरा आणि सोंडेला चारातला एक. सगळं एकाच वेगानं पळवलं तर पोटाला आणि चेहऱ्याला सारखाच वेळ मिळतो आणि ते बघायला कंटाळवाणं होतं. चेहऱ्याची ही कमांड:

```
ffmpeg -framerate 25 -i shadu_%04d.jpg \
 -vf "select='not(mod(n,4))',setpts=N/25/TB,scale=-2:1920" \
 -c:v libx264 -pix_fmt yuv420p chehra.mp4
```

पोटाच्या भागाला ४ च्या जागी १०, प्रत्येक भागाचे फोटो आपापल्या फोल्डरमध्ये, ०००१ पासून क्रमानं. फोटो उभेच काढले होते. एडिटिंगमध्ये वेग वाढवण्यापेक्षा असं आधीच गाळून घेतलं की प्रत्येक फ्रेम हा खरा एकेक फोटो राहतो, सॉफ्टवेअर मधेच दोन फोटो एकमेकांत मिसळून चिखल करत नाही.

४ जून

रंगकाम आणि डोळ्यांची आखणी दोन्ही शूट झालं. रंगाचं टाइमलॅप्स, पॉलिश पेपर, पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पितांबर, दागिने. हे पटापट जाणारे तुकडे दुगुनमध्ये जातील.

डोळ्यांबद्दल बोलायचंय. शेवट तिहाईनं करायचा हे सुरुवातीपासून डोक्यात होतं, तीन वेळा तोच तुकडा आणि तिसऱ्याचा धा नेमका समेवर. मी काकांना म्हटलं की उजवा डोळा, डावा डोळा आणि तिसरं गंध, असे तीन धा बसतात. ते म्हणाले "अगं गंध आधी होतं. आखणी शेवटची. डोळे झाले की मी ब्रश ठेवतो, मग काही करत नाही." विषय संपला. व्हिडिओसाठी क्रम बदलला तर पेणमधलं कुठलंही पोर सांगेल की हे खोटं आहे.

आणि उत्तर त्यांच्याच वाक्यात होतं. पहिला धा उजवं बुबुळ, दुसरा धा डावं बुबुळ, तिसरा धा ब्रश खाली ठेवून हात फ्रेमच्या बाहेर. तिसऱ्यावर पहिल्यांदाच पूर्ण मूर्ती हातांशिवाय दिसते. हे गंधापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

५ जून

भाच्याचं रेकॉर्डिंग. क्लिकवर वाजवायची त्याला सवय नाही, भजनात लय आपसूक चढत जाते आणि तसंच असायला हवं, पण इथे चढली तर शेवटच्या आवर्तनापर्यंत माझे सगळे आकडे घसरतात. म्हणून एकाच दमात न घेता तुकडे घेतले: सहा आवर्तनं बरोबरीची लय, मग ढोलकी बंद, मग एक आवर्तन बरोबरीचं, मग दोन दुगुन, मग तिहाईचं आवर्तन.

वाळवणाची दोन आवर्तनं, सातवं आणि आठवं, तिथे ढोलकी नाहीच. फक्त समेवर एक टाळ, आणि त्याचा नाद लांबत जातो. ढोलकी चालू ठेवली तर वाळणंसुद्धा घाईत झाल्यासारखं वाटतं. पाच तासांच्या कामाला पाच-सहा आवर्तनं आणि आठ दिवसांना दोन, हा हिशोब घड्याळाला धरून नाही, पण ठोका थांबला की वेळ लांबल्यासारखा वाटतो आणि कान ते मान्य करतो. शिवाय टाळाचा एक कामाचा उपयोग झाला. पाट खुणांवर परत ठेवला तरी मिलीमीटरभर सरकतोच, त्यामुळे मूर्ती मधेच किंचित उडी मारते. यातली सगळ्यात मोठी उडी मी टाळाच्या ठोक्यावर आणली. ठोक्यावर काहीतरी बदलणार हे डोळ्याला अपेक्षित असतं, त्यामुळे ती खुपत नाही.

तिहाई अगदी साधी, मधे दम न घेता: तिर किट धा, तिर किट धा, तिर किट धा. तीन-तीन मात्रांचे तुकडे, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून सुरू केले की धा येतात तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या मात्रेवर, आणि नववी म्हणजेच पुढची सम. बाराव्या आवर्तनाच्या सुरुवातीपासून मोजलं तर फ्रेम ३२, ८० आणि १२८.

७ जून

जुळवाजुळव. ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रश्न असा की एखाद्या हालचालीतली कुठली फ्रेम ठोक्यावर ठेवायची. गोळा खाली येतोय, पाटाला लागतो, मग थोडा दबतो. सुरुवात ठोक्यावर ठेवली तर आवाज आधी येतो आणि गोळा मागून, एकदम सैल वाटतं. पाटाला लागून जिथे तो *थांबतो* ती फ्रेम ठोक्यावर ठेवली की कानाला आणि डोळ्याला एकच गोष्ट घडल्यासारखी वाटते. मग हाच नियम सगळीकडे लावला. डोकं धडावर टेकून हात स्थिर होतो ती फ्रेम. बुबुळाला ब्रश लागतो ती नाही, तर बुबुळ पूर्ण होऊन ब्रश उचलला जातो ती. बुबुळ भरायला काकांना सहा-सात सेकंद लागतात आणि दोन धा मधे दोन सेकंदही नाहीत, म्हणून ब्रश फिरण्याचा भाग पळवला आणि उचलण्याचा शेवटचा तुकडा मूळ वेगानं ठेवला.

वेव्हफॉर्म बघून ठोका लावताना एक जपायचं, ढोलकीच्या धा ची लाट जिथे सगळ्यात उंच असते तिथे ठोका नसतो, तो ती लाट जिथून उसळते तिथे असतो. उंच टोकावर लावलं तर एखादी फ्रेम मागे राहते, आणि कट उशिरा असलेला लवकर कळतो. एक फ्रेम आधी असला तर चालून जातं.

दुगुनमध्ये प्रत्येक आठ फ्रेमला कट करून बघितला, दमछाक होते. तिसरा-चौथा कट गाळला, पितांबराचा तुकडा पूर्ण दोन मात्रा राहू दिला. ठेका ऐकू येतोच आहे, प्रत्येक ठोक्याला चित्र बदललंच पाहिजे असं काही नाही.

९ जून

कॅप्शन. शेवटी एवढीच राहिली:

पहिलं आवर्तन, खाली : *शाडू. पाणी.*
पाचवं, खाली : *साचा नाही*
सातवं, खाली : *सावलीत आठ दिवस*
आठवं, खाली : *तडा*
नववं, खाली : *पुन्हा ओला*

दहा ते बारा, एकही शब्द नाही.

"साचा नाही" हे पाचव्यात का, तर पाचव्याच्या समेला डोकं धडावर बसतं, तोपर्यंत बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी येतंच की साच्यातून काढलं असेल. पहिल्या आवर्तनात लिहिलं असतं तर ती जाहिरात झाली असती.

"आठ दिवस" साठी आधी सरकता आकडा ठेवला होता, दिवस १, दिवस २ असा. तो समेवरही बदलतो खालीवरही बदलतो, डोळा त्याच्यावरच खिळतो आणि शाडूचा रंग कुणी बघत नाही. काढला.

अक्षरांचं अ‍ॅनिमेशन एकेक अक्षर टाइप होतंय असं कधीच लावू नये, निदान मराठीत. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते अक्षर न मोजता आतले तुकडे मोजतं, त्यामुळे 'दिवस' येताना आधी नुसता द येतो, मग वेलांटी लागून तो हलतो, जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो आणि मग जुळतो. पूर्ण शब्द एकदम आणायचा, तीन-चार फ्रेमच्या फेडनं, आणि फेड खालीच्या तीन फ्रेम आधी सुरू करायचा म्हणजे खालीला शब्द पूर्ण उमटलेला असतो. फॉन्ट मुक्ता, जाड वजनाचा. बारीक घेतला तर शिरोरेषा मागच्या हलत्या चित्रात विरघळते.

जागा वरच्या एक तृतीयांश भागात डावीकडे. खाली ठेवलं तर मोबाइलवर अ‍ॅपची बटणं आणि नाव त्यावर येतं, आणि खाली पाट आहे, हात आहेत. वर मागचा काळा पडदा, तिथे काहीच घडत नाही.

१२ जून

आवाज बंद करून दाखवायची चाचणी. बरेच लोक मोबाइलवर आवाजाशिवायच बघतात, त्यामुळे ढोलकी नसतानाही गोष्ट पोचली पाहिजे. शेजारच्या काकूंना, आईला आणि भाच्याच्या मित्राला वेगवेगळं दाखवलं आणि नंतर एवढंच म्हटलं, काय काय झालं ते सांगा. काही सुचवायचं नाही.

तिघांनीही तडा सांगितला. काकूंनी तर खांदा कुठला तेही सांगितलं. "पुन्हा ओला" मात्र दोघांना कळलंच नाही, आईनं विचारलं की पाऊस आला का. खरंच, तडा भरतानाच्या चित्रात फडकं आणि बोटं दिसतातच, त्यावर तो शब्द उलट गोंधळ घालतो. काढून टाकला. आता चारच कॅप्शन.

आवाज बंद असताना वाळवणाचा भाग लांबल्यासारखा वाटला नाही, नुसता थांबल्यासारखा वाटला, भाच्याच्या मित्राला वाटलं व्हिडिओ अडकला. टाळ ऐकू येत नाही तेव्हा काहीतरी चालू आहे हे सांगणारं चित्रात हवं. सुरुवातीला फोटो एकसारखे गाळले होते, त्यामुळे पहिल्या दिवसांत रंग जवळपास बदलतच नाही. आता पहिल्या दोन दिवसांतले फोटो जास्त गाळले आणि जिथे कान-बोटं फिकी पडायला लागतात तिथले जास्त ठेवले. सातव्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेपासूनच रंग हलताना दिसतो.

१४ जून

एक्स्पोर्ट करून तीन मोबाइलवर आणि एका टीव्हीवर बघितलं. टीव्हीवर तिहाई किंचित आधी वाजल्यासारखी वाटली. चित्रावर प्रक्रिया करताना टीव्ही उशीर लावतो, गेम मोड लावल्यावर जुळलं, म्हणजे फाइल बरोबर आहे. ब्ल्यूटूथ इयरफोनवर कधीच जुळणी तपासू नये, तिथे उशीर असतो आणि प्रत्येक अ‍ॅप तो वेगळ्या पद्धतीनं भरून काढतं. मी वायरचा इयरफोन लावून, एकेक फ्रेम पुढे नेत, फ्रेम १५३६ वर हात पूर्ण बाहेर गेलाय आणि तिथेच धा उसळतोय हे बघितलं आणि फाइल बंद केली.

काकांना पाठवला. त्यांचा फोन आला, म्हणाले चरे दिसतात हे फार बरं झालं, पोरं ते करत नाहीत आणि मग मान सुटते. त्यांना दुकानातल्या आडव्या टीव्हीसाठी वेगळा हवाय. नुसता वरून-खालून कापून चालणार नाही, कॅप्शनची वरची जागाच त्यात जाते. आडव्यात मूर्ती उजवीकडे सरकवून शब्द डावीकडे मधोमध घेणार, मात्रा आणि फ्रेम त्याच.